कापलेली नारिंगी पट्टी

ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'पुरावाबाई' म्हणतात. हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला नाही. उलट मनातून बरंच वाटलं. लोक कामचुकारपणाबद्दल नावं ठेवतात, इथे निदान कामाबद्दल ठेवली होती.

आमचं ऑफिस म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची लांबट खोली. सात टेबलं, एक खिडकी, आणि त्या खिडकीतून दिसणारी पार्किंगची भिंत. हॉस्पिटलचं सगळं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. कुणाला काही बदल हवा असला की त्याचा टास्क तयार होतो, आमच्यातला एकजण तो करतो, आणि तो खरंच झालाय का हे तपासून बंद करायचं काम माझं. मी बंद केल्याशिवाय काम झालं असं कुणी म्हणत नाही.

मी या खुर्चीवर आले तेव्हा सगळा गोंधळ होता. काम करणारा नुसतं 'झालं' असं लिहून मोकळा व्हायचा. मग मी विचारायचे, काय झालं? कुठे झालं? तो तोपर्यंत घरी गेलेला असायचा. दुसऱ्या दिवशी तो उत्तर द्यायचा तेव्हा मी मीटिंगमध्ये असायचे. दहा मिनिटांचं काम चार चार दिवस लोंबकळत पडायचं. शेवटी मी वैतागून एक नियम केला आणि तो छापून भिंतीला चिकटवला: टास्क उघडल्यावर तपासणाऱ्याला एकही प्रश्न पडता कामा नये. काय केलं ते दोन ओळींत लिहा, बदलाआधीचा आणि बदलानंतरचा स्क्रीनशॉट जोडा, रुग्णाचं नाव कुठेही दिसू देऊ नका. यातलं काही चुकलं की टास्क परत. आणि कुणाचे किती टास्क परत गेले याचा तक्ता महिन्याच्या शेवटी साहेब सगळ्यांसमोर पडद्यावर लावणार. तक्त्याची कल्पनाही माझीच होती.

नियम लागू पडला. दोन महिन्यांत कामं भराभर बंद व्हायला लागली. साहेब खूश, मी त्याहून खूश. ही खोड पुढे घरीही आली. बाहेर पडताना मी गॅसच्या बंद केलेल्या बटणाचा आणि दाराच्या कुलपाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लागले. रस्त्यात आमच्या ह्यांनी विचारलं, "अगं, गॅस बंद केलास ना?" की मी बोलायचेच नाही, सरळ फोटो पुढे करायचे. हे म्हणायचे, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि आता तुझ्या तोंडी शब्दाला किंमत राहिली नाही बघ. मी हसायचे.

तक्त्यात सगळ्यात वर नाव असायचं ते मास्तरांचं. मास्तर आमच्याकडे येण्याआधी अठरा वर्षं एका शाळेत कॉम्प्युटर शिकवत होते. शाळेने तो वर्गच बंद केला तेव्हा ते इथे आले. वय अठ्ठेचाळीस, चष्मा दोरीला बांधलेला, दोन बोटांनी टायपिंग. पण काम चोख. प्रत्येक टास्कची पायरी न् पायरी वहीत लिहायची, झाली की समोर बरोबरची खूण करायची. त्यांचं घोडं अडायचं ते स्क्रीनशॉटमध्ये. नेमकी जागा निवडून तेवढंच चित्र घेणं त्यांना कधी जमलं नाही. ते आपले सगळा पडदाच्या पडदा टिपायचे. त्यात खालची घड्याळाची पट्टी, बाजूची रुग्णांची यादी, वर उघडलेली दहा पानं, सगळं यायचं. नाव दिसलं की नियमाप्रमाणे मला टास्क परत पाठवावा लागायचा. महिन्याच्या शेवटी तक्ता लागला की मास्तर चष्मा पुसत बसायचे. तीन टास्क परत, चार टास्क परत, आणि त्यातल्या एकाही कामात चूक नसायची.

मला त्यांची दया यायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या दयेतूनच झालं.

त्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरचा एक वॉर्ड सहाव्या मजल्यावर गेला, कारण चौथ्या मजल्याला रंग लावायचा होता. वॉर्डबरोबर ड्युटीचे दोन फोन बदलले. हे फोन साधेसुधे नव्हेत. एखाद्या रुग्णाच्या रक्ताचा रिपोर्ट धोक्याचा आला की लॅबच्या सिस्टीममधून आपोआप एक मेसेज ड्युटीच्या पहिल्या फोनवर जातो. पंधरा मिनिटांत तिथल्या नर्सने 'पाहिलं' असं कळवलं नाही तर तोच मेसेज दुसऱ्या फोनवर जातो. म्हणजे सिस्टीममध्ये दोन जुने नंबर काढून दोन नवे घालायचे, एवढाच टास्क. तो मास्तरांकडे गेला.

आमच्याकडे प्रत्येक सिस्टीमच्या दोन प्रती असतात. एक खरी, तिला आम्ही लाइव्ह म्हणतो. दुसरी टेस्टची, तिथे बदल आधी करून पाहायचा, काही बिघडत नाही ना ते बघायचं, मग लाइव्हमध्ये करायचा. दोन्ही दिसायला हुबेहूब सारख्या, म्हणून गल्लत होऊ नये यासाठी टेस्टच्या पानावर सगळ्यात वर एक जाड नारिंगी पट्टी ठेवलेली आहे. डोळे मिटून बसलं तरच ती दिसणार नाही.

मास्तरांनी टेस्टमध्ये नंबर बदलले. सवयीने स्क्रीनशॉट घेतला. मग लाइव्ह उघडायला गेले, तर सिस्टीमने आत शिरण्यासाठी कोड मागितला. तेवढ्यात सहाव्या मजल्यावरून फोन आला की नव्या वॉर्डातला प्रिंटर चालत नाही, डिस्चार्जचे कागद अडलेत, ताबडतोब या. मास्तर वर गेले ते सव्वा तासाने खाली आले. खुर्चीत बसले, समोर स्क्रीनशॉट तयार दिसला, काम झालं असं त्यांच्या मनाने घेतलं. वहीत टेस्टपुढे खूण होती, लाइव्हपुढे नव्हती. वही प्रिंटरजवळ वरच राहिली होती.

त्यांनी टास्कमध्ये लिहिलं, 'दोन्ही नंबर बदलले,' आणि तो पडदाभर स्क्रीनशॉट जोडला.

मी उघडला. डाव्या बाजूला यादी, तिच्यात अकरा नावं. टेस्टमध्येही आमच्याकडे खऱ्या रुग्णांची जुनी माहिती असते, ती असू नये, पण असते. वर नारिंगी पट्टी. मी पट्टी पाहिली का? पाहिली. डोळ्यांसमोर एवढी जाड पट्टी असताना पाहिली नाही असं कोण म्हणेल? पण मी त्या चित्रात शोधत होते रुग्णांची नावं, आणि नावं मला सापडली. जे शोधायला गेले ते मिळालं म्हणून बाकीचं डोक्यापर्यंत पोहोचलंच नाही.

नियमाप्रमाणे टास्क परत पाठवायला हवा होता. पण महिना संपायला दोन दिवस होते आणि मास्तरांच्या नावावर तीन आधीच लागले होते. मी टास्कमध्ये काही लिहिलं नाही, फोन उचलला. म्हटलं, "मास्तर, नावं दिसतायत. परत पाठवत नाही, उगाच तुमचा आकडा वाढेल. तेवढा नंबरांचा चौकोन कापून पुन्हा जोडा आणि आधीचं चित्र काढून टाका."

"उपकार झाले, बाई," ते म्हणाले.

दोन मिनिटांत नवं चित्र आलं. छोटा, सुबक चौकोन. दोन नंबर, खाली हिरवी खूण आणि 'जतन झाले' असे शब्द. मास्तरांचा इतका नेटका स्क्रीनशॉट मी पहिल्यांदाच पाहत होते. वॉर्डचं पत्र शेजारी ठेवून मी एकेक आकडा डोळ्यांत तेल घालून जुळवला. सगळे आकडे बरोबर. पट्टी चौकोनाच्या बाहेर गेली होती, त्यामुळे हे टेस्टचं की लाइव्हचं हे सांगणारं त्या चित्रात काहीच उरलं नव्हतं. मी टास्क बंद केला. मला एकही प्रश्न पडला नाही.

पुढचे सहा दिवस कुणालाच काही कळलं नाही, आणि का कळलं नाही तेही ऐका. त्या सहा दिवसांत त्या वॉर्डचे दोन धोक्याचे रिपोर्ट आले. दोन्ही वेळेला लॅबमध्ये एक म्हातारे टेक्निशियन होते. त्यांचा मशीनवर काडीचा विश्वास नाही. मेसेज गेला तरी ते वॉर्डात फोन करून तोंडी सांगतात, आणि तरुण मंडळी त्यावरून त्यांची टर उडवतात. त्यांच्या फोनमुळे दोन्ही वेळा निभावलं.

सातव्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यांची सुट्टी होती. दहा चाळीसला किडनीच्या आजाराच्या एका रुग्णाचा रिपोर्ट आला, पोटॅशियम सात. एवढ्यावर हृदय कधीही थांबू शकतं. मेसेज निघाला. लॅबमधल्या मुलीच्या पडद्यावर 'मेसेज पोहोचला' अशी हिरवी खूण आली. ती पुढच्या नमुन्याकडे वळली. तिला दोष देणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावं. मेसेज खरंच पोहोचला होता. चौथ्या मजल्यावर, रंगाच्या डब्यांमागच्या कपाटात, चार्जिंगला लावून ठेवलेल्या जुन्या फोनवर. पंधरा मिनिटांनी दुसरा गेला, तो शेजारच्या फोनवर. रंगाऱ्यांनी नंतर सांगितलं की कपाटात काहीतरी वाजत होतं.

साडेबाराला रुग्ण गेला. एकसष्ट वर्षांचे गृहस्थ, शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. मी त्यांच्या बायकोला पाहिलं, जिन्याजवळच्या बाकावर. मांडीवर त्यांचे धुतलेले कपडे होते, दुपारी बदलायला आणलेले. कुणीतरी तिला समजावत होतं की आजारच तसा होता. ती मान हलवत होती आणि कपड्यांची घडी पुन्हा पुन्हा घालत होती.

तीन दिवसांनी चौकशीची मीटिंग झाली. साहेब, वॉर्डचे मोठे डॉक्टर, व्यवस्थापनाकडून आलेल्या एक मॅडम, मास्तर आणि मी. मास्तरांनी पहिल्याच वाक्यात कबूल केलं की लाइव्हमध्ये बदल करायचा त्यांच्याकडून राहिला. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. प्रिंटरचं नावही काढलं नाही.

मॅडमनी भिंतीवर तो चौकोन लावला. शेजारी सिस्टीमची नोंद लावली. सव्वातीनला मास्तरांनी एक चित्र जोडलं. तीन वाजून एकवीस मिनिटांनी दुसरं जोडलं. तीन बावीसला पहिलं काढून टाकलं. पहिलं चित्र आता टास्कमध्ये नव्हतं, फक्त ते काढल्याची नोंद होती.

मॅडमनी शांतपणे विचारलं की टेस्टची नारिंगी पट्टी या चित्रात का नाही. मास्तर म्हणाले, कापली गेली. का कापली? आधीचं चित्र का काढलं? त्यात काय होतं?

"बाईंनी सांगितलं होतं फोनवर," मास्तर म्हणाले. "नावं दिसत होती म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी टास्क वर-खाली करून बघितला आणि म्हणाले की इथे तसं काही लिहिलेलं दिसत नाही.

आता इथे मी थांबते, कारण मला त्या खोलीतलं सगळं आठवतं. पंख्याचा आवाज, डॉक्टरांच्या खिशातलं पेन, मास्तरांचे हात. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. हो, मी सांगितलं. पहिलं चित्र मी पाहिलं, त्यात पट्टी होती, मी ती पाहूनही पाहिली नाही. पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: एक माणूस मेलाय आणि मी ते चित्र पाहिलं होतं. दुसरी गोष्ट त्याच्या मागोमाग आली, जी आणखी वाईट होती. याचा पुरावा कुणाकडेच नाही.

"मला नोंद बघावी लागेल," मी म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गातल्या हुशार मुलीला सोपं उत्तर येऊ नये आणि मास्तरांना वाटावं, आज हिचं काहीतरी बिनसलंय, तसं पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली.

बाहेर आल्यावर मी स्वतःची समजूत घातली की मी खोटं बोललेच नाही. नोंद बघणार म्हटलं, आता बघते. पुरावा हातात घेऊन बोललं की कुणाची शंका राहत नाही. आणि मला आठवलं की टास्कला चित्र जोडलं की सिस्टीम तपासणाऱ्याला एक मेल पाठवते, त्या मेलमध्ये चित्राची प्रत असते. टास्कमधून चित्र काढलं तरी मेल राहतो. हे मेल मी कधीच वाचत नाही, रोज शेकड्याने येतात, ते आपोआप एका फोल्डरमध्ये जाऊन पडतात.

शुक्रवारी दुपारी मला तो मेल सापडला. तीन वाजून पंधरा मिनिटं. अकरा नावं, आणि वर नारिंगी पट्टी.

त्याच क्षणी उठून साहेबांच्या केबिनमध्ये जायला हवं होतं. वीस पावलं सुद्धा नाहीत. पण मी कोण? मी पुरावाबाई. अर्धामुर्धा पुरावा घेऊन मी कशी जाणार? नुसत्या मेलवर कुणी विचारेल, फोन झाला हे कशावरून? मग मी टेलिफोनवाल्यांकडून त्या दिवशीच्या आतल्या फोनची यादी मागवली. ती शनिवारी दुपारी आली. तीन अठरा, माझ्या टेबलावरून मास्तरांच्या टेबलावर, एक मिनिट. रविवारी घरी बसून मी सगळं नीट मांडलं. पान पहिलं, वेळांचा क्रम. पान दुसरं, मेलमधलं चित्र, नावांवर काळा रंग, पट्टीभोवती लाल चौकट. पान तिसरं, फोनची नोंद. पान चौथं, माझा जबाब. आमच्या ह्यांनी दोनदा येऊन विचारलं की एवढं काय चाललंय. मी सांगितलं. ते म्हणाले, "अगं, त्यांना एक फोन कर ना आधी."

मी म्हटलं, आधी सगळं पक्कं होऊ दे.

सोमवारी सकाळी सर्व्हर बंद पडला आणि मी त्यात अडकले. खोटं कशाला बोलू, मला अडकायला बरंच वाटलं. मंगळवारी सकाळी सव्वानऊला मी चार पानं मॅडमना आणि साहेबांना पाठवली. खाली लिहिलं, या बाबतीत आणखी काही विचारायचं असल्यास मी हजर आहे.

साहेबांनी मला बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाले की मास्तरांनी कालच सही केली. कशावर, असं मी विचारलं. टेबलावरचा कागद त्यांनी माझ्याकडे फिरवला. 'लाइव्हमध्ये बदल न केल्याचे लपवण्यासाठी मी स्क्रीनशॉटमधील पट्टी कापली व मूळ चित्र काढून टाकले.' खाली मास्तरांची सही, वळणदार, शाळेतल्या प्रगतिपुस्तकावर करत असतील तशी. शनिवारी मॅडमनी त्यांना सांगितलं होतं की लपवालपवीचा पुरावा आहे आणि त्यांच्या बाजूने काहीच नाही. हे मान्य करून राजीनामा दिला तर प्रकरण इथेच मिटेल, नाहीतर पोलिसांकडे जाईल आणि लॅबमधली मुलगीही त्यात ओढली जाईल. त्यांनी दोन दिवस मागून घेतले होते. सोमवारी चार वाजेपर्यंत.

मी म्हटलं, पण हे खोटं आहे, माझ्या कागदांवरून दिसतंय की हे खोटं आहे.

"तुमचे कागद उत्तम आहेत," साहेब म्हणाले. "पण आता वरातीमागून घोडं आहे, बाई. फाइल बंद झाली."

मॅडमचं उत्तर संध्याकाळी आलं. माझ्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे. तपासणीतील हलगर्जीपणाबद्दल मला लेखी ताकीद देण्यात येत आहे. यापुढे नंबर बदलला की त्या फोनवर प्रत्यक्ष चाचणीचा मेसेज पाठवावा, तो आलेला दिसेल असा फोटो जोडावा आणि तपासणाऱ्याने लाइव्ह सिस्टीम स्वतः उघडून पाहावी. हे सगळं बरोबर होतं. हे पहिल्यापासून असायला हवं होतं आणि ते माझ्या नियमात घालण्यासाठी एका माणसाने मरण्याची काही गरज नव्हती. मास्तरांच्या कागदाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आणि कुणीही मला एकही प्रश्न विचारला नाही. चार पानांत सगळी उत्तरं होती ना.

शनिवारी मी मास्तरांकडे गेले. दुसरा मजला, दाराबाहेर चपलांचं लाकडी कपाट, त्यावर मुलीची सायकलची टोपी. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. तिने मला ओळखलं, कारण ऑफिसच्या स्नेहसंमेलनात आम्ही शेजारी बसलो होतो. तिने 'या' म्हटलं, पाणी आणून ठेवलं आणि आत निघून गेली. आतलं दार तिने लोटून घेतलं.

मास्तर खिडकीशी जुन्या वह्या लावत बसले होते. प्रत्येक वहीच्या कव्हरवर साल लिहिलेलं. मी चार पानांची प्रिंट त्यांच्यापुढे ठेवली आणि काय काय झालं ते सांगितलं. मेल कधी सापडला तेही सांगितलं. शुक्रवारी. म्हणजे त्यांनी सही करायच्या तीन दिवस आधी. हे लपवणं शक्य होतं, पण आता मला ते जमलं नसतं.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. पहिलं पान, दुसरं, तिसरं. ते प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत होते. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. माझ्याकडून तारखेत एक आकडा चुकला होता. त्यांनी खिशातलं पेन काढून तो दुरुस्त केला आणि बाजूला लहानशी सही केली. मला रडू आलं. मी रडले. त्यांनी ते होऊ दिलं.

"पुरावा चोख आहे, बाई," सगळं वाचून झाल्यावर ते म्हणाले. "एकही प्रश्न पडत नाही."

मी म्हटलं, मास्तर, मी वर लिहिते, वकिलाला भेटते, तुमचा कागद मागे घ्यायला लावते.

त्यांनी मान हलवली. म्हणाले की चूक त्यांची होती. माणूस त्यांच्यामुळे गेला, आणि नोकरी त्यासाठी गेली असती तर त्यांनी हूं की चूं केलं नसतं. त्यांनी त्या गृहस्थांच्या बायकोला पत्र लिहिलंय, अजून टाकायची हिंमत झाली नाही. मग थोडा वेळ ते पानांच्या कडा जुळवत बसले.

"पण 'लपवण्यासाठी' हा शब्द माझ्या मुलीने वाचला," ते म्हणाले. "त्या कागदाची प्रत टेबलावर राहिली होती. तिने विचारलं, बाबा, खरंच? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग सही का केलीत?"

 याचं उत्तर चार पानांत कुठेच नव्हतं.

उठताना मी पानं तिथेच राहू द्यावीत असं म्हटलं. मुलीला दाखवा. त्यांनी ती माझ्या हातात परत दिली.

"त्या दिवशी तुम्ही खोलीत नुसतं 'हो, मी सांगितलं' म्हटलं असतं ना," ते म्हणाले, "तर हे काहीच लागलं नसतं. तुमच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. तुमच्या शब्दावर तिथे कुणीच कधी शंका घेतली नाही."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर मी कशी तरी जिना उतरले असते. ते दारापर्यंत सोडायला आले, खालच्या पायऱ्यांवरचा दिवा गेलाय, जपून जा म्हणाले.

घरी पोहोचले तेव्हा हे स्वयंपाकघरात होते. पानं माझ्या हातातच होती, घडी घालून पिशवीत टाकायचंही सुचलं नव्हतं. ह्यांनी पानांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"भेटलीस मास्तरांना?" त्यांनी विचारलं.

मी 'हो' म्हटलं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला आणि ताटं घ्यायला वळले.